उभी शिडी: दोन आधारांवर की तीन आधारांवर?

पाण्याच्या टाकीला लावलेली उभी लोखंडी शिडी चढताना वजन उचलण्याचे काम मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंनी करायचे असते. हातांचे काम शरीराला मागे कलंडू न देणे एवढेच. सत्तर किलोच्या माणसाचा गुरुत्वमध्य पायरीपासून 30 सेंटीमीटर मागे आणि पकड पायांच्या 140 सेंटीमीटर वर असेल, तर हातांना आडवा ताण सुमारे 15 किलोचाच लागतो. ढुंगण मागे काढून हे अंतर 45 सेंटीमीटर झाले, की तोच ताण साडेबावीस किलोवर जातो आणि मनगटामागचे स्नायू लवकर भरून येतात.

घाईतला माणूस एक हात आणि एक पाय एकदमच उचलतो. वेग मिळतो, हे खरे. पण त्या क्षणी टेकलेला पाय ओल्या पायरीवरून निसटला, तर सगळे सत्तर किलो, तेही झटक्यासह, एका मुठीवर येतात. उरलेला हात-पाय एकाच बाजूचा असेल, तर शरीर बिजागरीवरच्या दारासारखे फिरते.

एका वेळी एकच अवयव हलवला, तर एक पाय उचललेला असताना दुसरा निसटला तरी दोन्ही हात गजावर असतात आणि भार साधारण निम्मा-निम्मा वाटला जातो. हात हलवताना मात्र दोन्ही पाय वजन पेलतात, पण कलंडणे एकट्या दुसऱ्या हातालाच थोपवावे लागते. म्हणून मी हाच प्रकार निवडेन, आणि अवजारे हातात न धरता दोरीने वर ओढून घेईन.