तपकिरी डोळ्यांसाठी पहिलं आयशॅडो पॅलेट: मॅट घ्यावं की शिमर?

मे महिन्यात नागपूरला लग्न होतं आणि माझ्या भाचीला पहिल्यांदाच स्वतःचा मेकअप स्वतः करायचा होता. दुकानातून तिचा फोन आला, "मावशी, दोन पॅलेट हातात आहेत. एकात नऊ शेड, सगळ्या मॅट. दुसऱ्यात बारा, त्यातल्या आठ शिमर. माझे डोळे तपकिरी, कोणतं घेऊ?" मी तिला आधी पापणीबद्दल विचारलं. वरची पापणी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा सावळी आहे का आणि दुपारपर्यंत तेलकट होते का? दोन्हीला उत्तर "हो" आलं. आपल्याकडे बहुतेकींचं हेच असतं, आणि निवड डोळ्यांच्या रंगापेक्षा यावरच जास्त अवलंबून असते.

तपकिरी डोळ्यांना जवळपास सगळे रंग चालतात. तांबूस, ब्राँझ, सोनेरी रंग डोळ्यांतला मधाळपणा वर आणतात. गडद निळा, जांभळा किंवा वाईन रंग लावला की तोच तपकिरी उठून दिसतो, कारण तपकिरी म्हणजे मुळात गडद केशरी आणि रंगचक्रात निळा त्याच्या विरुद्ध टोकाला. त्यामुळे "तपकिरी डोळ्यांसाठी खास" असं डब्यावर लिहिलेलं वाचून जास्त पैसे देऊ नका. पॅलेटचे रंग तुमच्या पापणीवर दिसतात का, एवढंच पाहायचं.

मॅट शेड चमकत नाही, म्हणून तिने सावली तयार करता येते. पापणीच्या घडीत त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद मॅट तपकिरी लावला की डोळा खोल आणि मोठा वाटतो. पण मॅटच्या दोन अडचणी आहेत. एक, ती नीट पसरवली नाही तर डाग पडल्यासारखी दिसते. दुसरी अडचण गव्हाळ-सावळ्या त्वचेची. अनेक पॅलेटमधल्या पहिल्या दोन-तीन मॅट शेड गोऱ्या त्वचेला धरून केलेल्या असतात, त्यांत पांढरा रंग बराच मिसळलेला असतो. आपल्या पापणीवर त्या एकतर गायब होतात किंवा राख फासल्यासारख्या करड्या दिसतात. म्हणजे नऊ शेडच्या पॅलेटमधल्या तीन आपल्यासाठी वायाच. भाचीला मी त्या तीन वगळून मोजायला सांगितलं, तेव्हा तिच्या हातातल्या मॅट पॅलेटमध्ये कामाच्या सहा उरल्या.

शिमरचं उलट. त्यात अभ्रकाचे रंग चढवलेले बारीक पापुद्रे असतात आणि ते प्रकाश परतवतात. म्हणून शिमर शिकायला सोपी. बोटाच्या टोकावर घेऊन पापणीच्या मधोमध थोपटलं की काम झालं, पसरवण्याची कसरत नाही. सावळ्या पापणीवर तांब्याची किंवा ब्राँझची शिमर तर फारच सुंदर दिसते, कारण खालचा गडदपणा तिला आधारच देतो. पण तीच शिमर घडीत, भुवईखाली, सगळीकडे लावली की पापणी सुजल्यासारखी दिसते. पापणीवर सुरकुत्या असतील तर त्याही चमकून दिसतात. शिवाय ब्रशने लावली तर कण गालावर पडतात. त्यासाठी डोळे आधी करावेत, फाउंडेशन नंतर.

एक सांगून ठेवते. दुकानात हातावर लावून पाहिलेल्या रंगावर विसंबू नका. मनगटाच्या आतली त्वचा पापणीपेक्षा उजळ आणि कोरडी असते, आणि बोटाने दाबून लावलं की कुठलीही शेड गडद वाटते. हाताच्या मागच्या बाजूला, मऊ ब्रशने, एकदाच फिरवून पाहा. टेस्टर डोळ्याला मात्र कधीच लावू नका.

आता प्रायमर, म्हणजे आयशॅडोच्या आधी पापणीवर लावायचा थर. लग्नाच्या आठवडाभर आधी आम्ही घरीच एक प्रयोग केला. सकाळी दहाला तिच्या उजव्या पापणीवर प्रायमर लावला, डाव्या पापणीवर काहीच नाही. दोन्हींवर सारखीच मॅट तपकिरी आणि सारखीच तांबूस शिमर. दुपारी दोनला डाव्या डोळ्याची शिमर घडीत गोळा होऊन एक चमकदार रेघ झाली होती आणि तिच्या वर-खाली उघडी पापणी दिसत होती. मॅट फिकी झाली होती, पण सरकली नव्हती. उजवा डोळा संध्याकाळी सहापर्यंत जवळपास तसाच होता.

कारण साधं आहे. पापणीतून तेल सुटतं, ते आयशॅडोत मुरतं आणि आपण डोळे मिटू-उघडू तसतसा तो ओलसर रंग घडीत लोटला जातो. शिमरमध्ये कण धरून ठेवायला तेलकट घटक बहुधा जास्त असतात, म्हणून ती लवकर सरकते. प्रायमरचा पातळ थर तेल आणि रंग यांच्यामध्ये बसतो. शिवाय त्वचेच्या रंगाचा प्रायमर पापणीचा सावळेपणा झाकतो, त्यामुळे फिक्या मॅट शेडही थोड्या खऱ्या दिसतात.

पण मॅट आणि शिमर दोघींना प्रायमर सारखाच नको असतो, आणि नव्या मुलींचा घोळ नेमका इथे होतो. ओलसर, चिकट प्रायमरवर मॅट लावली की पहिला स्पर्श जिथे झाला तिथेच रंग पकडून बसतो आणि डाग पडतो. मग मुलगी म्हणते, पॅलेट खराब आहे. एका पापणीला मोहरीच्या दाण्याएवढा प्रायमर पुरतो. तो बोटाने थोपटून मिनिटभर सुकू द्या, मग घडीच्या भागावर त्वचेच्या रंगाची मॅट शेड हलकीच फिरवा. त्यावर गडद मॅट सहज पसरते. पापणीचा मधला भाग मात्र तसाच चिकट ठेवा, शिमर तिथे घट्ट धरते. प्रायमर जास्त झाला तर तो स्वतःच घडीत साचतो, आणि खाली रात्रीचं आयक्रीम उरलं असेल तर काहीच टिकत नाही. प्रायमरऐवजी कन्सीलर लावला तर सावळेपणा झाकला जातो, पण पावडरीने बसवला नाही तर तेलकट पापणीवर तो घडीत जमतो.

म्हणून माझं मत: पापणी तेलकट किंवा सावळी असेल, तर मोठं पॅलेट आणि प्रायमर नाही यापेक्षा छोटं पॅलेट आणि प्रायमर हे कधीही चांगलं. पॅलेटमध्ये तीन मॅट हव्यात: त्वचेच्या रंगाची एक, त्याहून गडद तपकिरी एक, वाईन किंवा गडद चॉकलेटी एक. आणि दोन शिमर, तांबूस आणि सोनेरी-ब्राँझ. सगळं मॅट पॅलेट तिने घ्यावं जिला रोज ऑफिसला लावायचं आहे किंवा जिच्या पापणीवर सुरकुत्या आहेत. बहुतांश शिमरचं पॅलेट पहिलं म्हणून मी कुणालाच सुचवणार नाही, कारण घडीत लावायला त्यात फारसं काही सापडत नाही.

भाचीने दोन्ही पॅलेट परत ठेवली आणि सहा शेडचं मिश्र पॅलेट आणि प्रायमर घेतला. लग्नात काळ्याऐवजी वाईन मॅट डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावली, वर काजळ. डोळे सरळ समोर उघडे ठेवून आरशात पाहत रंग घडीच्या किंचित वर नेला, कारण तिची पापणी डोळे उघडल्यावर आत दडते आणि घडीत लावलेला रंग दिसतच नाही. रिसेप्शनला रात्री दहाच्या सुमारास शिमर थोडी विरळ झाली होती, तेव्हा बोटाने एक थर पुन्हा थोपटला. मॅटला हात लावावा लागला नाही.