सूत्र की जिना?

खानापूरच्या भाचीला प्रश्न पडलाय: डोळ्याच्या नर्व्हसाठी LR6SO4 पाठ करू, की स्वतःची ओळ जुळवू?

सूत्र मिनिटात पाठ होतं. बाहेरचा सरळ स्नायू सहाव्या नर्व्हचा, वरचा तिरका चौथीचा, बाकीचे तिसरीचे. पण स्नायू करतो काय, हे त्यात नाही. 'वरचा' म्हणजे डोळा वर नेणारा, असा समज होतो.

माझी ओळ: 'सहावी बाहेर, चौथी जिना, बाकी तिसरीविना होईना.' जुळवायला वेळ जातो खरा. पण बेळगावच्या ओपीडीत आजी म्हणाल्या, 'जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात गं,' की चौथी आठवतेच. नाकाकडे वळलेला डोळा खाली नेणं तिचं काम.

पापणी दोन्हींत फसवते: उघडते तिसरी, मिटवते सातवी.

उद्या एमसीक्यू असतील तर सूत्र. वॉर्ड पोस्टिंग सुरू होणार असेल तर जिना.