गाडी विकताना: फोन यादीतून काढावा की फॅक्टरी रीसेट करावे?

मागील दिवाळीनंतर मी माझी सात वर्षे वापरलेली गाडी सिन्नरच्या एका गृहस्थांना विकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या, विम्याची कागदपत्रे काढून ठेवली होती, पेठ रोडच्या आरटीओत कोणत्या दिवशी जायचे तेही ठरले होते. गाडी ताब्यात देण्याच्या आदल्या संध्याकाळी इंदिरानगरमधील आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बसून मी स्क्रीनवरची आपली माहिती पुसायला घेतली, तेव्हा समोर दोन मार्ग होते. जोडलेल्या फोनच्या यादीतून आपला फोन काढून टाकायचा, किंवा संपूर्ण यंत्रणा कारखान्यातून आली त्या स्थितीला न्यायची. मी दोन्ही करून पाहिले, आणि सध्या जे याच विचारात असतील त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

गाडी फोनमधून काय घेते, हे आधी नीट समजले की पुढचा निर्णय सोपा होतो. फोन ब्लूटूथने जोडला की गाडी एका ठरलेल्या पद्धतीने फोनकडे चार याद्या मागू शकते: संपर्कांची, आलेल्या कॉलची, केलेल्या कॉलची आणि चुकलेल्या कॉलची. या याद्या `pb.vcf`, `ich.vcf`, `och.vcf` आणि `mch.vcf` अशा नावांनी येतात आणि गाडी त्यांची प्रत स्वतःच्या स्मृतीत ठेवू शकते. प्रत ठेवण्यामागे साधे कारण आहे. कॉल येतो तेव्हा ब्लूटूथवरून गाडीला मुख्यतः नंबर कळतो. त्या नंबराशेजारी ‘आई’ असे नाव दाखवायचे, तर ते गाडीला आपल्याजवळच्या यादीत शोधावे लागते. फोन जोडताना `Allow access to your contacts and call history` या चौकटीतली खूण काढून टाकणाऱ्याला म्हणूनच स्क्रीनवर नुसते नंबर दिसतात.

नंबराबरोबर आणखी काय जाते, हे गाडी काय मागते आणि आपण फोनमध्ये काय लिहून ठेवले आहे, यावर ठरते. नाव आणि नंबर तर असतातच, मागितल्यास पत्ता, ईमेल आणि छायाचित्रही जाऊ शकते. आमच्या घरात गॅसचा ग्राहक क्रमांक ‘गॅस’ या नावाने आणि वडिलांच्या एटीएमचा पिन एका काल्पनिक नातेवाईकाच्या नावाने नंबर म्हणून साठवलेला होता. अशी सवय अनेक घरांत असते, आणि गाडीच्या दृष्टीने तीही संपर्कांच्या यादीतली एक ओळच असते.

संदेशांचा मार्ग वेगळा आहे, त्याची परवानगीही वेगळी असते आणि सगळ्याच गाड्या संदेश घेत नाहीत. ज्या घेतात, त्यांत आपल्याकडे प्रामुख्याने साधे एसएमएस येतात, म्हणजे बहुतेक करून बँकेचे: ओटीपी, खात्याचे शेवटचे चार अंक, शिल्लक. ओटीपी काही मिनिटांत निकामी होतो, परंतु कोणत्या बँकेत खाते आहे आणि त्यात साधारण किती रक्कम असते, हे कळायला जुना एसएमएसही पुरतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवर वाचून दाखवलेल्या व्हॉट्सॲप संदेशांची मला एवढी चिंता वाटत नाही, कारण तिथे गाडीची स्क्रीन मुख्यतः फोनने पाठवलेले चित्र दाखवत असते आणि मजकूर फोनमध्येच राहतो. मात्र ‘आम्ही फक्त केबलच वापरतो’ असे म्हणणाऱ्यांनीही जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून पाहावी. केबलने अँड्रॉइड ऑटो सुरू करतानाही कॉलसाठी ब्लूटूथची जोडणी आपोआप होते, आणि त्याच वेळी संपर्कांची परवानगी आपण न वाचता देऊन टाकलेली असू शकते.

आता पहिला मार्ग. ब्लूटूथच्या यादीत जाऊन आपल्या फोनच्या नावासमोरचे `Delete` दाबायचे. हे अर्ध्या मिनिटात होते, रेडिओची लावलेली केंद्रे आणि आवाजाची मांडणी तशीच राहते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अनेक गाड्यांत फोनबरोबर त्याचे संपर्कही जातात. गाडी घरातच राहणार असेल आणि फक्त एक फोन काढायचा असेल, उदाहरणार्थ मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तर हाच मार्ग योग्य आहे.

मीही त्या संध्याकाळी आधी हेच केले आणि काम संपले असे समजलो. स्क्रीनवर कॉलच्या जागी ‘फोन जोडलेला नाही’ अशा अर्थाची ओळ आली, यादी रिकामी दिसली. माझी चूक इथे झाली. फोन जोडलेला नसताना यादी न दाखवणे आणि यादी पुसलेली असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. फोन दूर असला की गाडी संपर्क नुसते झाकून ठेवू शकते, आणि रिकाम्या स्क्रीनवरून यातले नेमके काय झाले ते ओळखता येत नाही.

शंका आली म्हणून मी एक चाचणी केली, आणि ती प्रत्येकाने करावी असे मला मनापासून वाटते. तोच फोन पुन्हा जोडला, पण या वेळी संपर्क आणि कॉल यांची परवानगी नाकारली. आयफोन असेल तर जोडल्यावर ब्लूटूथमध्ये गाडीच्या नावासमोरच्या `i` वर जाऊन `Sync Contacts` बंद करावे. परवानगी नसताना फोन नव्याने काहीही देत नाही, म्हणून आता जे दिसेल ते गाडीने आधीपासून साठवलेले असणार. माझ्या स्क्रीनवर दोन क्षणांत कॉलची यादी उघडली: सर्वांत वर ‘आई’, खाली ‘दूधवाले काका’, त्याखाली पंचवटीतल्या आमच्या डॉक्टरांचा तीन महिन्यांपूर्वीचा चुकलेला कॉल. फोनचे नाव यादीतून गेले होते, जोडणी तुटली होती, पण त्या फोनच्या ओळखीशी बांधलेली जुनी यादी गाडीत तशीच पडून होती. चाचणीच्या वेळी नवा कॉल मात्र करू नये, कारण गाडी स्वतःही तिच्यामार्फत झालेले कॉल नोंदवते आणि मग जुने कोणते, नवे कोणते, हे कळत नाही.

जोडलेल्या फोनच्या यादीत आणखी दोन फोन सापडले. एक पत्नीचा, आणि दुसरा पुण्याच्या पुतण्याचा, जो दोन वर्षांपूर्वी त्र्यंबकेश्वरला जाताना एकदाच गाणी लावण्यासाठी जोडला होता. त्या एका प्रवासात त्याचे संपर्क गाडीत उतरले असतील, याची त्याला कल्पनाही नव्हती. प्रत्येक फोन वेगळा काढायचा, प्रत्येकाचे संपर्क गेले का ते वेगळे तपासायचे, आणि तपासण्यासाठी तो फोन समोर हवा. पुतण्याचा फोन मी संध्याकाळी सात वाजता कोठून आणणार होतो? पहिल्या मार्गाविषयी माझे मत बदलले ते या एका अडचणीने. वेग, सोय, जपलेली मांडणी हे त्याचे सगळे गुण मला मान्य आहेत, पण काम पूर्ण झाले की नाही हे तो मला दाखवू शकत नव्हता.

म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. सेटिंग्जमध्ये सर्वांत खाली असलेले `Factory Reset` निवडले. इथे शब्द नीट वाचावे लागतात, कारण काही गाड्यांत केवळ आवाज आणि प्रकाशाची मांडणी मूळ स्थितीला नेणारा एक पर्याय असतो आणि वैयक्तिक माहिती पुसणारा पर्याय निराळा असतो. नुसते `Reset` दिसले म्हणून दाबले, तर रेडिओची केंद्रे जातात आणि संपर्क राहतात, असे उलटेही होऊ शकते. नंतर येणाऱ्या सूचनेत उपकरणे, संपर्क किंवा वैयक्तिक माहिती पुसली जाईल असा उल्लेख आहे का, ते पाहावे. हॅन्डब्रेक लावून, गाडी सुरू ठेवून मी ते केले. स्क्रीन काळी झाली, पुन्हा सुरू झाली आणि तिने पहिल्या दिवसाप्रमाणे भाषा विचारली. त्या दरम्यान इग्निशन बंद न केलेले बरे.

त्यानंतर तीच चाचणी पुन्हा केली. फोन जोडला, परवानगी नाकारली, आणि या वेळी कॉलची यादी खरोखर रिकामी होती. नकाशातला ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता, जो फोन काढून टाकूनही गेला नव्हता, तोही गेला. चाचणीसाठी जोडलेला फोन शेवटी गाडीतून आणि फोनमधून, दोन्हीकडून काढला.

रीसेटचे तोटे आहेतच. नव्या मालकाला सगळे पहिल्यापासून लावावे लागते, आणि काही यंत्रणांत त्यासाठी पिन विचारला जातो. शिवाय रीसेट म्हणजे स्मृतीचा कण न् कण धुऊन निघाला, असेही नाही. अमेरिकेतील बर्ला या कंपनीची iVe नावाची साधने तपास यंत्रणा गाड्यांच्या स्मृतीतून संपर्क आणि कॉल काढण्यासाठीच वापरतात, आणि पुसलेल्यातलेही काही कधी कधी परत मिळवता येते. परंतु सिन्नरच्या त्या गृहस्थांकडे असे काही असण्याची शक्यता मी धरली नाही; स्क्रीनवर बोट फिरवून कोणालाही आमची माहिती दिसू नये, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि ती रीसेटने पूर्ण झाली.

दोन गोष्टी मात्र दोन्ही मार्गांच्या बाहेर राहतात. गाडीत सिम असलेली, मोबाईलवरच्या ॲपशी जोडलेली यंत्रणा असेल, तर आपले खाते त्या ॲपमधून वेगळे काढावे लागते. स्क्रीन रीसेट केली तरी गाडी कोठे उभी आहे, हे जुन्या मालकाच्या ॲपमध्ये दिसत राहू शकते, आणि ते नव्या मालकाच्या दृष्टीनेही बरे नाही. दुसरे म्हणजे, मध्येच कधी ॲक्सेसरीजच्या दुकानातून स्क्रीन बदलून घेतली असेल, तर जुनी स्क्रीन आपली यादी घेऊनच तिथे राहिलेली असते. ती बदलून देण्याआधीच, गाडीत बसवलेली आणि चालू असताना, रीसेट करावी लागते. तारा काढल्यावर दुकानदाराच्या काउंटरवर ते करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही किल्ल्या देताना मी त्या गृहस्थांना स्क्रीन सुरू करून दाखवली आणि त्यांचा फोन त्यांच्याच हातून जोडून दिला. संपर्कांची परवानगी द्यायची का, असे स्क्रीनने विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. नावे दिसायला हवी असतील तर द्यावी लागेल, आणि गाडी पुढे विकाल तेव्हा मात्र फॅक्टरी रीसेट करा, असे मी त्यांना सांगितले.