फुकटचा गेम, विकत घेतलेला विजय

‘फक्त कौशल्यावर जिंका’ अशी जाहिरात करणाऱ्या एका मोबाइल गेमने माझे कित्येक महिने आणि बऱ्यापैकी पैसे खाल्ले. आठ कार्डांचा डेक घेऊन समोरच्याचा किल्ला पाडायचा, एवढाच खेळ. सुरुवातीला बक्षिसांचा पाऊस पडतो, रोज लेव्हल वाढते आणि सगळं अगदी प्रामाणिक वाटतं.

खरी गोम वरच्या रँकला कळते. कार्डाची लेव्हल एकने वाढली की त्याची ताकद साधारण दहा टक्के वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं ना? माझा बाण ३०० चं नुकसान करायचा आणि समोरचा सैनिक ३०० वर मरायचा. त्याने एक लेव्हल विकत घेतली की सैनिक ३३० चा होतो. आता तोच बाण बसूनही तो ३० घेऊन जिवंत राहतो आणि माझा किल्ला फोडतो. मी नेम कितीही अचूक साधला तरी उपयोग नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्यांची जोडी जिंकून मिळालेल्या ट्रॉफींवरून लावतात, लेव्हल बघत नाहीत.

मग मीही पैसे भरून डेक शेवटच्या लेव्हलला नेला. पुढच्याच मोठ्या अपडेटमध्ये कंपनीने वर आणखी एक लेव्हल आणली. पैसे घेऊन दिलेला ‘शेवट’ त्यांनी स्वतःच पुढे सरकवला. याला मी फसवणूकच म्हणतो.

म्हणून कुठलाही गेम गांभीर्याने घेण्याआधी, पहिल्याच दिवशी, त्याच्या चाहत्यांनी बनवलेल्या विकीवर अपग्रेडचा तक्ता उघडा आणि शेवटच्या पायरीचा खर्च बघा. समजा एका कार्डाला १,००,००० कॉइन लागतात आणि फुकटात रोज १,००० मिळतात. म्हणजे एका कार्डाला १०० दिवस, आठ कार्डांना ८००. सुरुवातीच्या लेव्हलचा खर्च बघून अंदाज बांधू नका, तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. जुन्या अपडेटच्या नोंदीही वाचा. कमाल लेव्हल आधी वाढवली असेल तर पुन्हा वाढवतील असंच धरून चाला.

गेमच्या दुकानातली किंमत बघून मात्र फसू नका, महाग वस्तू म्हणजे विकतचा विजय असंच नसतं. डोटा २ मध्ये महागडे पोशाख आहेत, पण ते हिरोचा एकही आकडा बदलत नाहीत आणि सगळे हिरो प्रत्येकाला फुकट मिळतात. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये प्रकरण थोडं किचकट आहे. तिथे सामान ठेवायचे जादा कप्पे विकतात. त्यांनी मारा वाढत नाही, पण बराच काळ खेळणाऱ्याला त्यांच्याशिवाय जड जातं, तेव्हा तो खर्च मनात धरूनच सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट तपासा. काही गेममध्ये सगळ्यांची लेव्हल सारखी करणारी मैत्रीपूर्ण लढत असते आणि जाहिरातीत तीच दाखवतात. रँकच्या सामन्यात तो नियम लागू आहे का, ते बघा. आमच्या गेममध्ये नव्हता.