आई-बाबा परदेशात येतायत: तयार लक्षणकार्ड की घरी बनवलेलं?

आईला सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आणलं तेव्हा इंग्लिश न येणाऱ्या माणसाने डॉक्टरला आपला त्रास बोट ठेवून दाखवायची ही दोन्ही कार्डं मी वापरून बघितली. एक तयार, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत शंभरेक वाक्यं, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्लिश. दुसरं मी आणि आईने जेवणाच्या टेबलावर बसून एका जाड कागदावर लिहिलेलं, जेमतेम वीस-बावीस वाक्यांचं. दोन्हीत फरक कुठे पडतो ते चक्करवरून लगेच कळतं.

आईला चार दिवस चक्कर येत होती. तयार कार्डावर त्यासाठी एकच ओळ, "चक्कर येते" आणि समोर "डिझी". डॉक्टरांनी लगेच विचारलं की खोली फिरते का, की बेशुद्ध पडल्यासारखं वाटतं, आणि आईने दोन्हीला मान डोलावली, कारण डॉक्टर विचारतायत म्हटल्यावर आपली माणसं हो म्हणतात. आता हे दोन वेगळे त्रास आहेत, पहिल्यात बहुतेक वेळा कानाच्या आतला बिघाड शोधतात, दुसऱ्यात बीपी आणि हृदय बघतात. मग मी आमचं कार्ड काढलं, त्यात चक्करच्या तीन ओळी होत्या: घर गरगर फिरतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, चालताना तोल जातो. आईने न बोलता दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि खाली "कधी होतं" मध्ये "झोपून उठल्यावर" वर. डॉक्टरांनी तिला पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घेतलं. वरचा आकडा वीसपेक्षा जास्त उतरला होता. निघायच्या आधी भारतात बीपीच्या गोळीचा डोस वाढवला होता, तो त्यांनी कमी केला.

म्हणून माझं मत घरच्या कार्डाकडे झुकतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द तयार यादीत नीट बसतच नाहीत हो. "घाबरल्यासारखं होतंय" याचं सरळ भाषांतर केलं की डॉक्टरला वाटतं बाईंना मनाची भीती वाटतेय, पण आईला म्हणायचं असतं की छातीत धडधडतंय, घाम फुटतोय. "पित्त झालं" म्हणजे कुणाला छातीत जळजळ, तर कुणाला अंगावर गांधी. "उन्हाळी लागली" म्हणजे लघवीला आग. "पायाला मुंग्या" याला तिकडे "पिन्स अँड नीडल्स" म्हणतात, मुंग्यांचं भाषांतर केलं तर काहीच कळणार नाही. आणि पाय म्हणजे पाऊल की मांडी, ते मराठीत एकच, त्यामुळे कार्डावर माणसाच्या शरीराचं पुढून-मागून साधं चित्र हवंच, बोट ठेवायला.

तयार कार्डाची बाजू अशी की ते लगेच मिळतं, आणि अचानक डोळा किंवा दात दुखला तर आपण न लिहिलेलं वाक्य त्यात सापडतं. पण शंभर ओळींत बारीक अक्षरात शोधायचं म्हणजे आईचा चष्मा, तिची घाई, डॉक्टरची घाई... तेव्हा ते पिशवीत ठेवा, हातात नको. ज्यांना काहीच आजार नाही आणि तीनच आठवड्यांसाठी येतायत त्यांना तेवढं पुरेल. शुगर, बीपी, गुडघे, हृदय यातलं काही असेल तर घरचंच करा.

घरच्या कार्डात उलटी बाजूही लागते, जी तयार कार्डात बहुधा नसते, म्हणजे डॉक्टरचे प्रश्न मराठीत: कधीपासून, सारखं की येऊन-जाऊन, ० ते १० मध्ये किती दुखतं. डॉक्टर इंग्लिशवर बोट ठेवणार, आई उत्तरावर. औषधांची ब्रँड नावं तिकडे चालत नाहीत, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा, आणि पॅरासिटामॉलला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात तेही. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण तिथे ५/६ म्हणजे ६ मे. इंग्लंडला जाणार असाल तर शुगरचे आकडे वेगळे असतात, आपला १८० म्हणजे तिथला १०.

एक मात्र लक्षात ठेवा, कार्ड दुभाष्याची जागा घेत नाही. ऑपरेशनची संमती, रिपोर्ट समजावणं, यासाठी अमेरिकेतल्या हॉस्पिटलात फुकट दुभाषी मागा, बहुतेक वेळा फोनवर मिळतो, आणि "इंडियन" न म्हणता "मराठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला जोडून देतात. छातीत दाब, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोबडी वळली, तर कार्ड शोधत बसू नका, अमेरिकेत थेट ९११ ला फोन करा.

कार्ड झालं की विमानात बसायच्या आधी घरीच करून बघा. तुम्ही डॉक्टर व्हा, आईला गेल्या वेळचं दुखणं आठवायला सांगा आणि तिला फक्त बोट ठेवू द्या. जिथे ती थांबते, "म्हणजे काय गं?" विचारते, ते वाक्य तिचं नाही, ते खोडा आणि ती जे बोलली तेच लिहा.