अर्जात 'करण्यात यावे' लिहायचं की सरळ 'मी विनंती करते'?

ताईला नळजोडणी दाजींच्या नावावरून स्वतःच्या नावावर करून घ्यायचीय, नगरपरिषदेच्या अर्जाची भाषा कशी ठेवू यावर अडलीये. प्रति, विषय, महोदय हा साचा दोन्हीकडे तोच, संदर्भ मात्र आधीचा पत्रव्यवहार असेल तरच टाकायचा.

स्पष्टपणा बघा. 'उपरोक्त विषयान्वये सदर जोडणी नावे करण्यात यावी' यात कोण मागतंय, कुठली जोडणी, काहीच कळत नाही आणि क्लार्क अर्ज बाजूला ठेवतो. त्यापेक्षा 'माझे पती अमुक यांचे १२ मार्च रोजी निधन झाले. त्यांच्या नावावरील नळजोडणी (ग्राहक क्रमांक अमुक) माझ्या नावावर करावी, ही विनंती' हे वाचताक्षणी कळतं.

आदराचं म्हणाल तर सरळ भाषेत तो अजिबात कमी होत नाही, फक्त 'करा', 'द्या' नको, 'करावी', 'द्यावी' हवं. शेवटी 'आपली विश्वासू', सही, आणि 'सोबत'मध्ये मृत्यू दाखला वगैरे एकेक कागद नावानिशी, म्हणजे काही गहाळ झालं तर दाखवता येतं.

स्वतःसाठी अर्ज असेल तर सरळच लिहा. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून किंवा ऑफिसतर्फे पत्र काढत असाल, तर 'कळविण्यात येते की' हेच योग्य, कारण तिथे माणूस नाही, संस्था बोलत असते.