मोटर स्टार्ट-स्टॉप: होल्डिंग की सेट-रिसेट?

दोन पुश बटणं, एक कॉन्टॅक्टर, एक ओव्हरलोड रिले. स्टार्ट दाबून सोडलं तरी मोटर चालू राहिली पाहिजे. पीएलसीत हे दोन पद्धतींनी होतं. कॉईलचाच कॉन्टॅक्ट स्टार्टला पॅरलल जोडून होल्डिंग करायचं, नाहीतर सेट आणि रिसेट कॉईल वापरायच्या. मी दोन्ही वापरल्या आहेत आणि दोन्हींवर मशीन व्यवस्थित चालतात. तरी साध्या मोटरसाठी माझा हात आता आपोआप पहिल्या पद्धतीकडे जातो. त्यामागे एकच कारण आहे, पण त्याआधी होल्डिंगचा रन्ग नीट पाहू.

```
    I0.0       I0.1   I0.2     Q0.0
|---| |---+----| |----| |------( )--|
|   Q0.0  |
|---| |---+
```

`I0.0` स्टार्ट, `I0.1` स्टॉप, `I0.2` ओव्हरलोडचा 95-96 कॉन्टॅक्ट आणि `Q0.0` कॉन्टॅक्टर. लॅडरमधला कॉन्टॅक्ट हा खरा धातूचा कॉन्टॅक्ट नसतो, तो फक्त एक बिट तपासतो. `| |` बिट 1 असेल तर पुढे जाऊ देतो, `|/|` बिट 0 असेल तर. डावीकडून उजवीकडे एक जरी वाट पूर्ण झाली तरी कॉईल आपल्या बिटमध्ये 1 लिहिते, नाहीतर 0 लिहिते. दर स्कॅनला ती हे नव्यानं लिहिते, मागच्या वेळी काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मग मोटर धरून कोण ठेवतं? स्टार्ट दाबल्यावर `Q0.0` 1 होतो. पुढच्या स्कॅनमध्ये खालच्या फांदीतला `Q0.0` कॉन्टॅक्ट तोच 1 वाचतो आणि स्टार्टला बायपास देतो. बोट बटणावर असेपर्यंत असे कितीतरी स्कॅन होऊन गेलेले असतात. बटण सोडलं की वरची वाट तुटते, खालची तशीच राहते. `I0.1` किंवा `I0.2` यांपैकी एकही 0 झाला की त्याच स्कॅनमध्ये `Q0.0` 0 होतो, आणि त्याबरोबर त्याची स्वतःची वाटही जाते. स्टॉप सोडल्यावर मोटर परत चालू होत नाही ती म्हणूनच.

नवीन माणूस हमखास अडखळतो तो स्टॉपपाशी. पॅनेलवर बटण एनसी आहे, मग लॅडरमध्ये `| |` का? बटण दाबलेलं नसताना इनपुटवर 24 व्होल्ट आहेत, म्हणजे बिट 1 आहे, आणि मोटर चालायला आपल्याला तो 1 च हवा आहे. स्टॉपची वायर तुटली तरी बिट 0 होतो आणि मोटर थांबते. एनओ बटण लावून लॅडरमध्ये `|/|` घेतलं तर मोटर तशीच चालेल, पण वायर तुटलेली असताना स्टॉप कितीही दाबा, पीएलसीला काही कळणार नाही. इमर्जन्सी स्टॉप मात्र या रन्गच्या भरवशावर कधीच सोडू नये. त्याचा कॉन्टॅक्ट हार्डवायर किंवा सेफ्टी रिलेमधूनच गेला पाहिजे.

आता दुसरा पर्याय.

```
    I0.0                      M10.0
|---| |-----------------------(S)---|
    I0.1                      M10.0
|---|/|---+-------------------(R)---|
    I0.2  |
|---|/|---+
    M10.0                     Q0.0
|---| |-----------------------( )---|
```

सेट कॉईल वाट पूर्ण झाली तर 1 लिहिते, वाट तुटली तर काहीच करत नाही. रिसेट तसाच 0 लिहितो. त्यामुळे इथे होल्डिंगची फांदी लागत नाही. वाचायलाही हे सोपं वाटतं: हे झालं की चालू, ते झालं की बंद. तीन-चार ठिकाणांहून सुरू होणारी मोटर असेल तर सेट कुठूनही देता येतो. दोन्ही बटणं एकदम दाबली तर जो रन्ग नंतर येतो तो जिंकतो, म्हणून रिसेट खाली ठेवायचा. होल्डिंगमध्ये स्टॉप सिरीजमध्येच असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. पण इतक्या फरकावर मी कुणाला सेट-रिसेट सोडायला सांगणार नाही.

माझं मत फिरलं ते लाईट गेल्यावर. सेट-रिसेटवर लिहिलेला एक कन्व्हेयर होता. वीज परत आली की तो कधी आपोआप सुरू व्हायचा, कधी नाही. नेहमी सुरू झाला असता तर लगेच लक्षात आलं असतं, पण हे ‘कधी कधी’ फार त्रासदायक होतं. शेवटी ऑनलाईन जाऊन पाहिलं तर लॅच बिट रिटेन्टिव्ह भागात होता, म्हणजे वीज गेली तरी त्याची किंमत टिकत होती. बिट 1, स्टॉप ठीक, ओव्हरलोड ठीक, रिसेट देणारं कुणीच नाही. साहजिकच कन्व्हेयर सुरू. मग कधी कधी का होत नव्हता? इनपुट कार्डाला 24 व्होल्ट देणारा सप्लाय वेगळा होता. तो सीपीयूपेक्षा उशिरा उठला की पहिल्या स्कॅनला स्टॉपचा इनपुट 0 दिसायचा आणि रिसेट लागायचा. मशीन सुरू होणार की नाही हे दोन पॉवर सप्लायच्या शर्यतीवर ठरत होतं, आणि समोर माणसं काम करत होती.

यावर उपाय आहे. पहिल्या स्कॅनपुरता 1 होणारा बिट (`S7-200` मध्ये `SM0.1`, मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये `M8002`) रिसेटला पॅरलल जोडला की काम होतं. पण तो प्रत्येक लॅचला आठवणीनं जोडावा लागतो. पुढे कुणी नवीन मोटर वाढवली आणि विसरला, तर कागदावर रन्ग बरोबरच दिसतो.

होल्डिंग मात्र आपोआप सुटेलच असं समजू नका. `Q0.0` ऐवजी कॉईलला रिटेन्टिव्ह बिट दिला, तर पहिल्याच स्कॅनला होल्डिंगचा कॉन्टॅक्ट जुना 1 वाचतो आणि मोटर उठते. `S7-300` मध्ये `MB0` ते `MB15` हा भाग मुळातच रिटेन्टिव्ह असतो, म्हणजे वरच्या उदाहरणातला `M10.0` नेमका त्यातच पडतो. लॉजिक्स कंट्रोलरमध्ये साधी `OTE` कॉईल रन मोडमध्ये जाताना 0 होते, `OTL` तशीच राहते. त्यामुळे होल्डिंग घ्यायचं तर ते थेट आउटपुटवर किंवा नॉन-रिटेन्टिव्ह बिटवर घ्यावं, आणि त्या कॉईलचा पत्ता प्रोग्राममध्ये दुसरीकडे कुठेही कॉईल म्हणून येऊ देऊ नये. आला तर शेवटचा रन्ग जिंकतो आणि वरचा रन्ग पूर्ण दिसत असूनही मोटर उठत नाही.

कुठलीही पद्धत निवडा, मशीन सोपवण्याआधी एक चाचणी जरूर करा. माणसं बाजूला करून मोटर चालवा, मेन बंद करा, पीएलसीचे दिवे पूर्ण विझू द्या आणि परत चालू करा. मग फक्त 24 व्होल्ट सप्लाय बंद-चालू करून पाहा. मोटर स्टार्ट दाबल्याशिवाय उठता कामा नये. `IEC 60204-1` ची अपेक्षाही हीच आहे.

सेट-रिसेट मी टाकून दिलेला नाही. ओव्हरलोड ट्रिप झाला ही नोंद वीज जाऊन आल्यावरही राहायला हवी असते, तिथे मी तोच वापरतो, तोही मुद्दाम रिटेन्टिव्ह बिटवर. तो बिट मग होल्डिंगच्या रन्गमध्ये `|/|` म्हणून सिरीजला लावायचा. वीज आली तरी ट्रिपची नोंद कायम, आणि कुणी येऊन रिसेट बटण दाबेपर्यंत स्टार्टला दाद नाही.